डेस्कटॉप आज्ञावलीची स्थापना आणि निष्कासन : चाचणीची एक पद्धत

प्रस्तावना

संगणकावर एखादी आज्ञावली बसविणाऱ्या प्रोग्रामला इन्स्टॉलर आणि ती काढून टाकणाऱ्या प्रोग्रामला अनइन्स्टॉलर म्हणतात. मूळ आज्ञावलीची चाचणी काटेकोरपणे होते. परंतु या दोन प्रोग्रामांची चाचणी पुष्कळदा 'बसली, चालली, निघाली' एवढ्यावरच संपते. वस्तुतः हेच दोन प्रोग्राम संगणकावर प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने चालतात, त्यामुळे त्यांच्यातील दोषाचा परिणाम आज्ञावलीच्या मर्यादेबाहेर पोहोचू शकतो. डिसेंबर १९९८ मध्ये बुंगी या कंपनीच्या 'मिथ २' या संगणकीय खेळाबाबत असे घडले. खेळ नेहमीच्या फोल्डरऐवजी थेट ड्राइव्हच्या मुळाशी बसविला असल्यास त्याचा अनइन्स्टॉलर 'आपले' फोल्डर म्हणून त्या ड्राइव्हवरील सर्वच मजकूर पुसून टाकी. कंपनीला पहिल्या प्रती परत घेऊन दुरुस्त आवृत्ती द्यावी लागली.

प्रस्तुत लेखात विंडोज प्रणालीवरील एका काल्पनिक हिशेब-आज्ञावलीचे उदाहरण घेऊन शिल्लक राहणाऱ्या फाइली, परवानग्या आणि प्रणालीच्या जुन्या आवृत्त्या या तीन अंगांनी चाचणी कशी करावी, याचे विवेचन केले आहे. ही आज्ञावली ३२-बिटची, जुन्या पद्धतीने लिहिलेली असून ती `Hishob` या फोल्डरमध्ये बसते आणि दुकानाच्या पावत्या `bills.dat` या फाइलमध्ये साठविते, असे गृहीत धरले आहे.

चाचणीची पूर्वतयारी

चाचणीसाठी नव्याने प्रणाली बसविलेले व्हर्च्युअल मशिन घ्यावे. विकसकाच्या संगणकावर आवश्यक त्या सहायक फाइली आधीच आलेल्या असतात, म्हणून तेथील यश ग्राह्य धरता येत नाही. या मशिनवर दोन खाती निर्माण करावीत : प्रशासकाचे `malak` आणि सामान्य वापरकर्त्याचे `karkun`. पुढील विवेचनावरून दिसून येईल की, एकाच प्रशासक खात्यावरून केलेल्या चाचणीत काही महत्त्वाचे दोष दिसतच नाहीत.

यानंतर मशिनची स्थिती स्नॅपशॉटद्वारे जतन करून प्रशासकाच्या अधिकाराने सर्व फाइलींची व रजिस्ट्रीची यादी घ्यावी.

```
dir C:\ /s /b /a > E:\files0.txt
reg export HKLM\SOFTWARE E:\hklm0.reg
```

हीच यादी स्थापनेनंतर, प्रत्यक्ष वापरानंतर आणि निष्कासनानंतर पुन्हा घेऊन परस्परांशी ताडून पाहावी. मात्र येथे एक अडचण उद्भवते. विंडोज स्वतःच सतत फाइली निर्माण करीत असते. नोंदवह्या, तात्पुरत्या फाइली आणि `Prefetch` फोल्डरमधील नोंदी यांची भर पडतच असते. त्यामुळे पहिल्या व शेवटच्या यादीतील प्रत्येक फरक अनइन्स्टॉलरच्या माथी मारणे चुकीचे ठरते. यावरील उपाय म्हणजे नियंत्रण-चाचणी. त्याच स्नॅपशॉटवर परत जाऊन, काहीही न बसविता, तेवढाच वेळ मशिन चालू ठेवावे आणि त्या काळात पडलेला फरक नोंदवावा. दोन्ही फेऱ्यांत समान असलेला फरक वजा केल्यावर उरणारी यादी लहान असते आणि तिच्यातील प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घालता येते.

दुसरी सावधगिरी पुनरारंभाची. एखादी फाइल वापरात असल्यास अनइन्स्टॉलर ती तत्काळ पुसू शकत नाही. तो ती पुढील आरंभाच्या वेळी पुसण्यासाठी `PendingFileRenameOperations` या रजिस्ट्री-नोंदीत लिहून ठेवतो. म्हणून शेवटची यादी संगणक पुन्हा सुरू केल्यानंतरच घ्यावी. अन्यथा नसलेला दोष नोंदविला जाईल.

उदाहरण : एकाने बसविले, दुसऱ्याने वापरले

आता `karkun` या खात्यात प्रवेश करून इन्स्टॉलर सुरू केला आहे, असे समजू. विंडोज प्रशासकाचा पासवर्ड मागते आणि `malak` याचा पासवर्ड दिला जातो. येथून पुढे समोर कारकून बसलेला असला, तरी इन्स्टॉलर मात्र मालकाच्या खात्याने चालत असतो. त्यामुळे इन्स्टॉलरने `%APPDATA%` येथे प्राथमिक मांडणीची फाइल ठेवली, तर ती पुढील ठिकाणी जाते :

```
C:\Users\malak\AppData\Roaming\Hishob
```

`HKCU` या रजिस्ट्री-शाखेतील नोंदीही मालकाच्याच नावे होतात. कारकून आज्ञावली उघडतो तेव्हा तिला मांडणी सापडत नाही. एकाच प्रशासक खात्यावर चाचणी केल्यास बसविणारा व वापरणारा एकच असल्याने हा दोष कधीच प्रकट होत नाही. यावरून नियम असा निघतो की, इन्स्टॉलरने केवळ संपूर्ण संगणकासाठीच्या जागी लिहावे आणि व्यक्तिगत मांडणी आज्ञावलीने त्या त्या खात्यात प्रथम उघडल्यावर निर्माण करावी.

पुढचा टप्पा वापराचा. कारकून दहा पावत्या तयार करतो. आज्ञावली त्या आपल्याच `Program Files (x86)\Hishob` या फोल्डरमध्ये लिहू पाहते. परंतु सामान्य वापरकर्त्याला तेथे लिहिण्याची परवानगी नसते. अशा वेळी त्रुटीचा संदेश येईल, अशी अपेक्षा असते. पण तो येत नाही. विंडोज व्हिस्टापासून जुन्या ३२-बिट आज्ञावलींसाठी एक सोय करण्यात आली आहे. आज्ञावलीच्या मॅनिफेस्टमध्ये अधिकाराची पातळी नमूद नसेल, तर तिचे लेखन गुपचूप वापरकर्त्याच्या खात्यातील वेगळ्या जागी वळविले जाते :

```
C:\Users\karkun\AppData\Local\VirtualStore\Program Files (x86)\Hishob\bills.dat
```

याचे परिणाम दूरगामी आहेत. मालकाने आपल्या खात्यातून आज्ञावली उघडल्यास त्याला त्या दहा पावत्या दिसत नाहीत. त्याने आज्ञावली काढून टाकली, तर `Program Files (x86)` मधील फोल्डर जाते, पण `VirtualStore` मधील प्रत तशीच राहते. पुढे आज्ञावली पुन्हा बसविल्यास कारकुनाला जुन्याच पावत्या दिसतात, कारण वळविलेली प्रत नव्या फाइलला झाकून टाकते. सबब, ३२-बिट आज्ञावलीच्या चाचणीत प्रत्येक खात्यातील `VirtualStore` फोल्डर तपासणे आवश्यक असून तेथे आज्ञावलीची एकही फाइल सापडता कामा नये.

परवानग्यांची दुरुस्ती आणि तिच्यातील धोका

या दोषावर विकसक दोन प्रकारे उपाय करतो. पहिला उपाय म्हणजे स्थापनेच्या वेळीच आज्ञावलीच्या फोल्डरवर सर्वांना पूर्ण अधिकार देणे. यामुळे तक्रार थांबते. परंतु त्याच फोल्डरमध्ये चालविण्याच्या फाइली असल्याने कोणताही सामान्य वापरकर्ता त्या बदलू शकतो आणि पुढे प्रशासकाने आज्ञावली चालविताच बदललेली फाइल प्रशासकाच्या अधिकाराने चालते. स्थापनेनंतर हा दोष एका आज्ञेने ओळखता येतो :

```
icacls "C:\Program Files (x86)\Hishob"
```

उत्तरात `Everyone` किंवा `BUILTIN\Users` या नावापुढे `(F)` अथवा `(M)` आढळल्यास चाचणी अनुत्तीर्ण समजावी.

दुसरा आणि योग्य उपाय म्हणजे सामायिक फाइल `C:\ProgramData\Hishob` येथे ठेवणे. मात्र येथेही एक सूक्ष्म अडचण आहे. या फोल्डरच्या मूळ परवानग्यांनुसार सामान्य वापरकर्ता नवी फाइल निर्माण करू शकतो. पण दुसऱ्याने निर्माण केलेली फाइल तो केवळ वाचू शकतो. म्हणजे कारकुनाने निर्माण केलेल्या फाइलमध्ये दुसऱ्या कारकुनाला लिहिता येत नाही. म्हणून इन्स्टॉलरने फक्त या माहितीच्या फोल्डरवर सामान्य वापरकर्त्यांना बदलाचा अधिकार द्यावा आणि चाचणीसाठी तिसरे, सामान्य वापरकर्त्याचे खाते निर्माण करून त्यातून अकरावी पावती लिहून पाहावी.

शिल्लक फाइलींचा निर्णय

यादीत उरलेली प्रत्येक फाइल हा दोषच असतो, असे नाही. इन्स्टॉलरने आणलेली फाइल मागे राहणे, हा निश्चित दोष होय. आज्ञावलीने चालताना निर्माण केलेल्या तात्पुरत्या फाइलीही जावयास हव्यात. विंडोजच्या एमएसआय पद्धतीत अनइन्स्टॉलर केवळ आपण बसविलेल्या फाइलीच जाणतो. नंतर निर्माण झालेल्या फाइली काढण्यासाठी `RemoveFile` या कोष्टकात त्यांची स्वतंत्र नोंद करावी लागते. अन्यथा त्या राहतात आणि रिकामे न झालेले फोल्डरही राहते. वापरकर्त्याने निर्माण केलेली `bills.dat` मात्र त्याला विचारल्याशिवाय पुसली जाता कामा नये.

याची परीक्षा सोपी आहे. आज्ञावलीच्या फोल्डरमध्ये तिच्याशी संबंध नसलेली एक फाइल मुद्दाम ठेवावी आणि निष्कासनानंतर ती शाबूत आहे का, ते पाहावे. स्थापना `D:\` या मुळाशी करूनही हीच परीक्षा घ्यावी. 'मिथ २' चा दोष या एका परीक्षेने उघड झाला असता.

प्रणालीच्या जुन्या आवृत्त्या

विंडोज ७ चा विस्तारित आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी ग्राहकाच्या संगणकावर ती असू शकते. येथे नेहमी आढळणारा दोष पुढीलप्रमाणे आहे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासूनच्या सी++ आज्ञावलींना 'युनिव्हर्सल सीआरटी' या ग्रंथालयाची गरज असते. विंडोज १० मध्ये ते अंगभूत आहे. विंडोज ७ मध्ये ते `KB2999226` या सुधारणेद्वारे येते. ती नसल्यास स्थापना यशस्वी होते. पण आज्ञावली उघडताना `api-ms-win-crt-runtime-l1-1-0.dll` सापडत नसल्याचा संदेश येतो. चाचणीच्या मशिनवर अन्य एखाद्या आज्ञावलीने हे ग्रंथालय आधीच आणले असेल, तर दोष लपतो. म्हणून विंडोज ७ चे मशिन सर्व्हिस पॅक १ सह, पण पुढील सुधारणांविना ठेवावे.

आवृत्ती ओळखण्यातही चूक होते. `6.1` आणि `10.0` यांची तुलना अक्षरमाला म्हणून केल्यास `10.0` लहान ठरते आणि विंडोज १० लाच 'जुनी' म्हणून नकार मिळतो. एमएसआयमधील `VersionNT` हे मूल्य विंडोज १० वरही `603` असेच मिळते. त्यामुळे `VersionNT >= 1000` ही अट कधीच पूर्ण होत नाही. जुन्या आवृत्तीला आधार द्यावयाचा नसेल, तर इन्स्टॉलरने एकही फाइल लिहिण्यापूर्वी स्पष्ट संदेश देऊन थांबावे. नकारानंतरही याद्या ताडून पाहाव्यात. फरक शून्य असला पाहिजे.

मर्यादा

वरील याद्यांत फाइलींची नावे असतात, त्यांचा मजकूर नव्हे. एखादी जुनी सामायिक फाइल बदलली गेली, तर ती या पद्धतीने दिसणार नाही. त्यासाठी आकार व हॅश-मूल्य यांची नोंद घ्यावी लागते. तसेच ज्या वापरकर्त्याने प्रवेश केलेला नाही, त्याची व्यक्तिगत रजिस्ट्री त्या वेळी उघडलेली नसते. तिच्यातील नोंदी अनइन्स्टॉलरने काढाव्यात, ही अपेक्षा अवाजवी ठरते. अशा नोंदी राहतील, असे माहितीपत्रकात नमूद करणे अधिक योग्य होय.

निष्कर्ष

शिल्लक फाइली, परवानग्या आणि जुन्या आवृत्त्या हे तीन प्रश्न स्वतंत्र नाहीत. उदाहरणातील दहा पावत्या मागे राहिल्या, त्याचे मूळ अनइन्स्टॉलरमध्ये नसून लेखनाच्या परवानगीत होते. आणि ती चूक झाकणारी सोय जुन्या आज्ञावलींसाठीच केलेली होती. तेव्हा स्वच्छ मशिन, किमान दोन भिन्न अधिकारांची खाती आणि नियंत्रण-चाचणीसह घेतलेल्या याद्या ही या चाचणीची किमान सामग्री मानावी लागते.