दुबईचे बारा हजार की पुण्याचे अठरा लाख?

दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही, एवढ्यावरच अनेक घरांत बॅगा भरायला घेतात. पण दोन ऑफरींची तुलना महिन्याच्या शेवटी हातात काय उरतं, यावर करायला हवी. त्यासाठी एक हिशेब मांडू. घरखर्चाचे आकडे अंदाजाचे आहेत, ते प्रत्येकाने आपल्या घरापुरते बदलावेत.

नवरा, बायको आणि शाळेत जाणारं एक मूल. पुण्यात १८ लाखांचं पॅकेज, दुबईत महिना १२,००० दिरहॅम. दिरहॅम २४ रुपयांचा धरला, तर हे २ लाख ८८ हजार होतात. पुण्याच्या पॅकेजमधून पीएफ, ग्रॅच्युइटी आणि नव्या पद्धतीचा कर वजा जाता हातात साधारण १ लाख १८ हजार येतात. इथेच बहुतेकांचा निर्णय होऊन जातो.

आता खर्च. पुण्यात भाडं २८ हजार, घरखर्च आणि शाळा मिळून ४० हजार, गावी आईवडिलांना १५ हजार. उरतात ३५ हजार, आणि स्वतःचा व कंपनीचा मिळून पीएफ १८ हजार. एकूण ५३ हजार.

दुबईत साध्या वस्तीतल्या वन बेडरूमचं भाडं वर्षाला ६५,००० दिरहॅम धरू. हे भाडं बहुधा पुढच्या तारखांच्या चार-दोन चेकनी आगाऊ द्यावं लागतं. पहिला चेक, डिपॉझिट, एजंटचं कमिशन आणि वीज-पाण्याची अनामत मिळून २५ हजार दिरहॅमच्या आसपास, म्हणजे दोन पगार, घरात पाऊल टाकण्याआधीच जातात. शिवाय वार्षिक भाड्याच्या पाच टक्के पालिकेचं शुल्क दरमहा वीजबिलातून वसूल होतं. करमुक्त म्हणतात ते हे. वीज-पाणी, किराणा, प्रवास, शाळा, बायको-मुलाचा विमा आणि वर्षाचं भारताचं तिकीट धरून महिन्याला पावणेअकरा हजार दिरहॅम संपतात. उरलेल्या ३० हजार रुपयांतून गावी १५ हजार पाठवले की शिल्लक १५ हजार. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांची असते, तीही फक्त बेसिकवर. बेसिक निम्मं असेल तर महिन्याला आठेक हजार होतात.

म्हणजे अधिक पगाराच्या जागी बचत निम्म्याहून कमी. हेच कुटुंब पुण्यात ठेवून तो एकटा शेअरिंगच्या खोलीत राहिला आणि त्याचा खर्च चार हजार दिरहॅमवर राहिला, तर पुण्याचं घर आणि गावचे पैसे भागवूनही लाखभर उरतो. बायकोची पुण्यातली नोकरी टिकते, तो फायदा वेगळाच. वर्षानुवर्षं वेगळं राहण्याची किंमत मात्र या कागदावर मांडता येत नाही.

कुटुंबासकट जायचं असेल तर पगार वाढवून मागण्याऐवजी कंपनीकडे शाळेची फी, कुटुंबाचा विमा आणि तिकिटं मागावीत. आपल्या उदाहरणात हे तीन खर्च पंधराशे दिरहॅमच्या आसपास आहेत. ते कंपनीने उचलले तर दुबईची बचत साठ हजारांवर जाते, आणि तेव्हा कुठे पुण्याशी बरोबरी होते.