गाडीखालून खडखड येतेय? लिंक रॉड बदलण्याआधी हे करून बघा

घणसोली गावातल्या अरुंद गल्लीत स्पीडब्रेकरवरून कार गेली की खालून खडखड येते, आणि गॅरेजवाला म्हणतो, "लिंक रॉड गेली." समजा, तुमच्या गाडीचं असंच झालंय. खर्चाला हो म्हणण्याआधी दोन टेस्ट करा.

पहिली उभ्या गाडीवर. न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मित्राला हळूहळू रेस वाढवायला सांगा आणि बाजूला उभं राहून फोनवर आवाज रेकॉर्ड करा. ठराविक रेसला पत्रा झणझणला, तर संशय हीट शील्डवर. सायलेन्सरच्या उष्णतेपासून गाडीचा तळ वाचवणारा हा पातळ पत्रा बोल्ट गंजला की सैल होतो. लिंक रॉड उभ्या गाडीत असा आवाज करत नाही.

दुसरी टेस्ट रिकाम्या रस्त्यावर, अगदी हळू. एकाच बाजूचं चाक खड्ड्यात जाऊ द्या. स्टॅबिलायझर बार डाव्या-उजव्या चाकांना जोडतो. दोन्ही चाकं एकदम उचलली की तो नुसता फिरतो. एकच उचललं की पिळला जातो आणि जोर लिंक रॉडच्या सांध्यांवर येतो. म्हणून इथे टकटक वाढली, तर सांधा झिजलाय. आवाज जड, धपधप असेल तर बारचा रबरी बुश बघायला सांगा.

हीट शील्ड बहुतेक वेळा मोठा वॉशर किंवा क्लॅम्प लावून घट्ट होते. ती काढून मात्र टाकू नका. आणि सायलेन्सर थंड झाल्याशिवाय खाली हात घालू नका.