आकडा एक, धक्के अनेक

"रिश्टर स्केलवर ६.२ तीव्रतेचा भूकंप." हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत आपण इतक्या वेळा वाचले आहे की त्यात काही खटकत नाही. पण भूकंपशास्त्रज्ञाला ते विचित्र वाटेल. रिश्टरचा आकडा तीव्रता सांगतच नाही. भूकंपाबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात. जमिनीच्या पोटात किती मोठी घटना घडली, हा पहिला. त्या घटनेने माझ्या गावाला किती हादरवले, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराला भूकंपाचे परिमाण म्हणतात आणि दुसऱ्याच्या उत्तराला तीव्रता. आपण बातम्यांत दोन्हींसाठी 'तीव्रता' हा एकच शब्द वापरतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो. या लेखात तरी हे दोन शब्द वेगळे ठेवू.

परिमाण एका भूकंपाचे एकच असते. तीव्रता मात्र गावागणिक बदलते, कधीकधी एकाच शहरात पेठेगणिकही. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलावर टिपरू किती जोरात पडले, ते परिमाण. तो आवाज तुमच्या घरात किती आला, ते तीव्रता. ती तुमच्या घराच्या अंतरावर आणि खिडक्या उघड्या आहेत की बंद, यावर ठरते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि शेजारच्या धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील सास्तूर परिसरात भूकंप झाला. धक्का हैदराबादपर्यंत जाणवला. परिमाण होते ६.२. सात-साडेसात वर्षांनी, २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला, त्याचे परिमाण ७.७. हा भूकंप वडोदऱ्याच्या आपल्या मंडळींनी स्वतः अनुभवला आहे. हे दोन भूकंप शेजारी ठेवले की दोन मोजमापांतला फरक नीट कळतो.

आधी परिमाण कसे मोजतात ते पाहू. १९३५ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी ही पद्धत मांडली. रिश्टर स्केल नावाचे कुठले यंत्र नसते, ती हिशेबाची पद्धत आहे. यंत्र म्हणजे भूकंपमापक. त्याच्या आलेखावर आधी एक बारीक थरथर उमटते. ती जलद धावणारी प्राथमिक लाट. काही सेकंदांनी जास्त मोठी हेलकावणारी दुय्यम लाट येते. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला यावरून आपण अंतराचा अंदाज करतो, तसेच इथे करतात. दोन लाटांमधल्या प्रत्येक सेकंदामागे साधारण आठ किलोमीटर धरायचे. समजा, हे अंतर २४ सेकंदांचे आले. म्हणजे भूकंप सुमारे दोनशे किलोमीटरवर झाला. तीन ठिकाणांहून अशी अंतरे मिळाली की नकाशावर तीन वर्तुळे काढायची. ती जिथे मिळतात तिथे केंद्रबिंदू.

आता आलेखावरची सर्वांत उंच रेघ मोजायची. ती २३ मिलिमीटर भरली, तर दोनशे किलोमीटरच्या अंतराची भर घालून रिश्टरच्या तक्त्यात उत्तर येते ५. हाच भूकंप चारशे किलोमीटरवरच्या केंद्राने नोंदवला असता, तर तिथली रेघ बरीच बुटकी असती. पण अंतराची भर जास्त पडल्यामुळे उत्तर पुन्हा पाचाच्या आसपासच आले असते. परिमाणाची खुबी हीच आहे. मोजणारा कुठेही बसलेला असो, अंतराचा परिणाम वजा करून तो मूळ घटनेचा आकार काढतो.

या पट्टीच्या पायऱ्या मात्र सरळ नाहीत. आकडा एकाने वाढला की आलेखावरची रेघ दसपट उंच होते आणि बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे बत्तीस पट. त्यामुळे ६.२ आणि ७.७ हे आकडे कागदावर जवळ दिसत असले, तरी भुजच्या भूकंपाची ऊर्जा किल्लारीच्या सुमारे पावणेदोनशे पट होती. या पट्टीला वरचे टोकही नाही. 'बारापैकी सहा' असे कुणी म्हणत असेल, तर तो दुसऱ्या पट्टीबद्दल बोलत आहे. तिच्याकडे आपण येऊच.

रिश्टरच्या पद्धतीत एक उणीव होती. त्यांचे यंत्र झटपट होणाऱ्या कंपनांना चांगला प्रतिसाद देई. फार मोठ्या भूकंपाची बरीच ऊर्जा मात्र लांब, संथ लाटांत असते. त्यामुळे एका मर्यादेपुढे भूकंप कितीही मोठा असला तरी आकडा वाढेना. तराजू दहा किलोचा आणि पोते पन्नास किलोचे, अशी गत. म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी 'आघूर्ण परिमाण' सुचवले. त्यात रेघेच्या उंचीऐवजी खुद्द घटनेचा आकार मोजतात. भेगेवरच्या खडकाचा किती मोठा पट्टा सरकला, किती सरकला आणि तो खडक किती ताठ होता, या तिन्हींचा गुणाकार करतात. ६.२ म्हणजे साधारण नऊ किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद पट्ट्यावरचा खडक मीटरभर सरकणे. भुजच्या वेळी हाच गुणाकार पावणेदोनशे पट मोठा होता. आज बातम्यांत येणारा मोठ्या भूकंपाचा आकडा बहुधा या नव्या पद्धतीचा असतो, नाव मात्र अजून रिश्टरचेच चालते.

भुजच्या वेळी याचाच घोळ झाला होता. आपल्या हवामान खात्याने ६.९ सांगितले आणि अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाने आधी ७.९. एका पूर्ण अंकाचा फरक पाहून यातला कोणता खरा, असे लोक विचारू लागले. वेगवेगळ्या लाटा आणि वेगवेगळ्या पट्ट्या वापरल्या की असे आकडे येतात. झटपट कंपनांवर आधारलेला आकडा मोठ्या भूकंपात कमीच पडतो. पुढे जगभरच्या नोंदी जुळवून ७.६ ते ७.७ वर एकमत झाले. पहिल्या तासाचा आकडा कच्चा असतो, मग तो कुणीही दिलेला असो.

आता तीव्रता. ही मोजायला मुळात यंत्र लागत नाही, माणसे आणि घरे लागतात. इटलीच्या मेरकाल्ली यांची पट्टी यासाठी प्रसिद्ध आहे. भारतात १९६४ ची 'एमएसके' पट्टी रूढ झाली. तिच्या बारा पायऱ्या असून त्या रोमन अंकांत लिहितात, म्हणजे परिमाणाशी गल्लत होऊ नये. तिसऱ्या पायरीवर टांगलेला दिवा किंचित हलतो आणि बाहेरून ट्रक गेल्यासारखे वाटते. पाचवीत झोपलेले लोक जागे होतात, फडताळातली भांडी वाजतात. सहावीत माणसे घाबरून बाहेर धावतात आणि गिलाव्याला तडे जातात. आठवीत दगडमातीची बरीच घरे कोसळतात. बारावीत जमिनीचे रूपच पालटते.

भूकंपानंतर पथके गावोगाव हिंडतात. भांडी पडली का, तुम्हाला उभे राहता आले का, विहिरीचे पाणी गढूळ झाले का, असे विचारतात. मग घरे पाहतात आणि या पट्टीची खरी शिस्त तिथे दिसते. 'घरे पडली' एवढ्यावर भागत नाही. घर कच्चे, दगडमातीचे की विटांचे की काँक्रीटचे, हे आधी नोंदवायचे. मग त्या प्रकारच्या किती घरांचे नुकसान झाले ते पाहायचे: थोड्या, पुष्कळ की बहुतेक. नुकसान बारीक तड्यापासून पूर्ण कोसळण्यापर्यंत पाच प्रतींत बसवायचे. तेव्हा कुठे त्या गावाला एक अंक मिळतो. सारख्या अंकांची गावे नकाशावर रेषेने जोडली की केंद्राभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पट्टे दिसतात. पट्टे वेडेवाकडे असतात आणि तो वाकडेपणाच जमिनीबद्दल बरेच काही सांगून जातो.

किल्लारी परिसरात ही तीव्रता आठ ते नऊ भरली. तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या लातूर शहरात नुकसान तुलनेने फारच कमी होते. परिमाण दोन्हीकडे ६.२ च. मग मध्यम म्हणावा अशा या भूकंपाने आठ ते दहा हजार माणसांचा जीव कसा घेतला? पहिले कारण खोलीचे. भूकंपाची नाभी जेमतेम दहा किलोमीटर किंवा त्याहूनही कमी खोल होती, त्यामुळे वरच्या मोजक्या गावांना धक्का जवळून बसला. दुसरे कारण घरांचे. दोन-तीन फूट रुंद भिंती, पण बाहेरचा थर आणि आतला थर यांना बांधणारा आडवा दगड नाही, मध्ये फक्त खडी आणि माती. वर माळवद, म्हणजे लाकडी फळ्यांवर मातीचा दीड-दोन फूट थर. उन्हाळ्यात थंडगार राहणारे हे घर हादऱ्यात भिंती उकलून, सगळ्या मातीसह झोपलेल्यांवर आले. त्याच भागात हलक्या छपरांच्या झोपड्या बऱ्याच तगल्या. आणि वेळ पहाटेची, सगळे घरात. रिश्टरच्या आकड्यात यांतले काहीच मावत नाही.

भुजच्या भूकंपात याच्या उलटे चित्र अहमदाबादेत दिसले. केंद्रापासून हे शहर दोनशे किलोमीटरहून दूर. तिथल्या पासपोर्ट ऑफिसच्या इमारतीत बसवलेल्या यंत्राने जमिनीचा जो झटका नोंदवला, तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक-दशांश होता. असे यंत्र जागेवरचा हादरा थेट मोजते, म्हणजे तीव्रतेच्या बाजूचे यंत्र म्हणायचे. एवढा झटका नीट बांधलेल्या इमारतीने सोसायला हवा. शहरातील बहुतेक इमारतींनी तो सोसलाही. पण नदीकाठच्या जुन्या गाळावर, खालचा मजला पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर उघडा ठेवलेल्या काही बहुमजली इमारती बसल्या आणि शेकडो माणसे गेली. बाजूची सोसायटी उभी, ही जमीनदोस्त.

तीव्रतेचा आणखी एक उपयोग आहे. यंत्रे येण्याआधीचे भूकंप आपल्याला केवळ तिच्यामुळे मोजता येतात. १८१९ मध्ये कच्छात मोठा भूकंप झाला. त्याने रणात 'अल्लाह बंद' नावाचा उंचवटा उभा केला आणि अहमदाबादच्या जामा मशिदीचे मिनार पाडले. तेव्हा भूकंपमापक नव्हता. अशा नोंदींतून गावोगावची तीव्रता ठरवून, तिच्यावरून परिमाणाचा अंदाज करावा लागतो. वाळवंटात किंवा समुद्रात मात्र ही पद्धत लंगडी पडते. पडायला घर नाही, सांगायला माणूस नाही.

घर बांधताना इंजिनिअर 'झोन थ्री' म्हणतो, तेव्हा तोही तीव्रतेबद्दलच बोलत असतो. किल्लारी १९९३ पूर्वी सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पहिल्या विभागात होती. २००२ च्या नकाशात पहिला विभागच काढून टाकला आणि किल्लारी तिसऱ्यात गेली. त्या नकाशात वडोदरा, बेळगाव आणि गोवाही तिसऱ्यात आहेत, म्हणजे तिथे एमएसकेच्या सातव्या पायरीपर्यंतचा हादरा गृहीत धरायचा. हैदराबाद दुसऱ्यात आहे, तिथे सहाव्या पायरीपर्यंतचा. त्या नकाशावर रिश्टरचा आकडा कुठेच नाही.