सही तिची, निर्णयही तिचा

पाळी चुकून दोन आठवडे झाले आणि घरच्या चाचणीत दोन रेषा उमटल्या, की लग्न न झालेल्या मुलीच्या मनात पहिला विचार येतो, 'घरी कळलं तर?' दवाखान्याचा विचार त्यानंतर येतो. मधल्या काळात आठवडे निघून जातात. खरे नुकसान तिथेच सुरू होते, कारण पुढचे सगळे मार्ग आठवड्यांवर ठरतात.

एक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या गावातून पुण्यात शिकायला आलेली 22 वर्षांची मुलगी. तिला स्वाती म्हणू. तिची शेवटची पाळी 3 मार्चला सुरू झाली. 17 मार्चला संबंध आला आणि 14 एप्रिलला चाचणी पॉझिटिव्ह आली. स्वातीच्या हिशेबाने गर्भ चार आठवड्यांचा आहे. डॉक्टर मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून त्यांच्या हिशेबाने सहा आठवडे पूर्ण झाले. हा फरक बहुतेक मुलींना ठाऊक नसतो आणि 'अजून वेळ आहे' असे समजून त्या थांबतात.

औषधांनी गर्भपात भारतात नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे 63 दिवसांपर्यंत करता येतो. स्वातीसाठी ही मुदत 5 मेला संपते. त्यानंतर साधारण बारा आठवड्यांपर्यंत नळीने गर्भाशय रिकामे करण्याची छोटी प्रक्रिया करतात. पुढे ती अधिक गुंतागुंतीची होते. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांमध्ये, कायद्याने ठरवलेल्या परिस्थितींत, दोन डॉक्टरांचे मत लागते.

नवऱ्याची सही लागत नाही

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा 1971 चा आहे. 2021 च्या दुरुस्तीत गर्भनिरोधक निष्फळ ठरण्याच्या तरतुदीतले 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' हे शब्द जाऊन 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीसाठी फक्त तिचीच लेखी संमती लागते. आईवडिलांची, प्रियकराची किंवा नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तरीही काही दवाखान्यांत ती मागितली जाते, तेव्हा दुसऱ्या मान्यताप्राप्त केंद्रात जावे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. मात्र 2022 च्याच निकालानुसार, मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास त्या अहवालात तिचे नाव न देण्याची मुभा डॉक्टरांना आहे.

गुप्ततेचे बंधनही कायद्यातच आहे. गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव व माहिती, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही उघड केल्यास डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

तिच्यापुढचे मार्ग

स्वातीने आठवडाभर कोणाला काही सांगितले नाही. मग खोलीवरच्या मैत्रिणीने विचारले तेव्हा ती रडली. मैत्रिणीने सल्ला दिला नाही. 'उद्या मी तुझ्याबरोबर येते,' एवढेच म्हणाली. आधार म्हणतात तो असा असतो. 'कोण होता तो?', 'काळजी घेतली नाहीस का?' हे प्रश्न त्या दिवशी कोणाच्याच कामाचे नसतात.

21 एप्रिलला, सात आठवडे झाले असताना, दोघी सरकारी रुग्णालयात गेल्या. डॉक्टरांनी मैत्रिणीलाही बाहेर बसवले आणि स्वातीला एकटीला विचारले, 'तुला काय हवंय?' हा प्रश्न एकांतातच विचारायला हवा, कारण दुसऱ्यासमोर मुलगी दुसऱ्याचे उत्तर देते.

मूल वाढवायचे असेल तर तेही तिला करता येते. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व आणि जन्मदाखला मिळू शकतो. बाळाला जन्म द्यायचा पण सांभाळणे शक्य नसेल, तर ते बालकल्याण समितीसमोर रीतसर सोपवता येते. त्यानंतर मन बदलल्यास बाळ परत घेण्यासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. बाळ परस्पर कोणाला देणे मात्र बेकायदा आहे.

स्वातीने गर्भपात निवडला. सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच असल्याचे दिसले. ही खात्री महत्त्वाची, कारण गर्भ नळीत रुजला असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटून जीवावर बेतू शकते. दुकानातून परस्पर गोळ्या आणण्यात हाच मोठा धोका आहे. पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोनची एक गोळी आणि 36 ते 48 तासांनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, असा क्रम असतो. दुसऱ्या औषधानंतर काही तासांत पोटात कळा येतात आणि पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव होतो. तो अपेक्षितच असतो. पण लागोपाठ दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड भिजले, ताप दिवसभराहून जास्त टिकला, दुर्गंधीयुक्त स्राव आला किंवा चक्कर येऊन पोटात एका बाजूला तीव्र दुखू लागले, तर लगेच रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांनी तपासणी करून घ्यावी. लघवीची चाचणी मात्र काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, त्याने घाबरू नये.

लाजेचे ओझे

घरी कळलेच. आई पुण्याला आली आणि दारातच म्हणाली, 'आता गावात कुठं तोंड दाखवायचं आम्ही?' शिक्षण थांबवून लग्न उरकायचे, असे घरी ठरत होते. तिच्याबरोबर आलेली मावशी म्हणाली, 'ताई, तोंड नंतर दाखवू. आधी पोर जेवली का बघू.'

अशा वेळी मुलीला घरच्यांशी वाद जिंकायचा नसतो. विश्वासाचे एक वडीलधारे माणूस आधी आपल्या बाजूला घ्यावे आणि सांगताना त्याला सोबत ठेवावे. 'झालं ते सांगितलं, पुढचं मी ठरवलंय, लग्नाचं आत्ता बोलायचं नाही,' एवढे पुन्हा पुन्हा शांतपणे म्हणता येते. मारहाण किंवा कोंडून ठेवण्याची भीती असेल तर घरी सांगण्याआधी राहायची सोय पाहावी. महिलांसाठी 181 आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416 हे क्रमांक आहेत.

गर्भपाताने मुलगी आयुष्यभर खचते, असे अनेकांना वाटते. अमेरिकेत गर्भपात केलेल्या स्त्रियांचा पाच वर्षे पाठपुरावा झाला. त्यात सर्वाधिक आढळलेली भावना सुटकेची होती. आपला समाज आपल्याला नावे ठेवील असे ज्यांना वाटत होते, त्यांना सुरुवातीला अधिक त्रास झाला.

महाराष्ट्राला हे नवे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांना तिथे गुपचूप येऊन बाळंत होता येत होते. मुलीवर जीव देण्याची वेळ लाजेमुळे येते, हे त्यांनी ओळखले होते.

मे महिन्यात स्वातीने परीक्षा दिली. आई अजून फारशी बोलत नाही, पण फोन रोज करते आणि पहिला प्रश्न जेवणाचाच असतो.