वाक्याच्या तोंडी ‘पण’

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत शेवटचे मोठे भाषण करायला उभे राहिले. मसुद्यावर आलेल्या आक्षेपांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले आणि मग ते एका लहानशा वाक्यापाशी आले. इथे मला थांबता आले असते, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत जेमतेम पाच शब्द, पुढे पूर्णविराम. त्यानंतरचे वाक्य ‘बट’ने सुरू होते. माझे मन देशाच्या भविष्याच्या विचाराने भरून गेले आहे, असे ते सांगू लागतात आणि भाषणाचा जो भाग आजही लोकांच्या ओठांवर आहे तो तिथून पुढे येतो: राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दलचा इशारा, राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्यातली विसंगती.

कायद्याचा एवढा मोठा पंडित, इतका गंभीर प्रसंग, आणि वाक्याची सुरुवात ‘पण’ने. शाळेच्या निबंधात हेच वाक्य आले असते तर पुष्कळ शिक्षकांनी त्याखाली लाल रेघ ओढली असती. इंग्रजीच्या तासाला ‘अँड’ आणि ‘बट’ने वाक्य सुरू करायचे नाही, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. मराठीच्या तासाला हाच नियम ‘आणि’ व ‘पण’ यांना लावला जातो. औपचारिक लेखनात तर तो जास्तच कडकपणे पाळायचा, असा समज आहे.

बाबासाहेबांची ती दोन वाक्ये जोडून पाहावीत. ‘मला इथे थांबता आले असते, पण माझे मन भविष्याच्या विचाराने भरले आहे.’ अर्थ तोच राहिला, पण श्रोत्याला भाषण संपत आल्यासारखे वाटण्याचा तो एक क्षण नाहीसा झाला. पहिले वाक्य पुरते संपते म्हणून दुसऱ्याच्या आरंभीचे वळण जाणवते. ‘बट’च्या जागी ‘हाउएव्हर’ घातले तर वाक्य बिघडत नाही, मात्र त्याला अहवालाचा भारदस्तपणा येतो आणि बोलणाऱ्याच्या मनातली निकड मंदावते. इथला ‘पण’ पूर्णविरामाच्या पलीकडे उभा आहे तो याच कामासाठी.

मग हा नियम व्याकरणात आहे तरी कुठे? इंग्रजीत शोधू गेले तर उलटेच दिसते. हजार वर्षांपूर्वीच्या अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात ‘आणि’ने सुरू होणारी वाक्ये ओळीने भेटतात. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलचा पहिला अध्याय ३१ वचनांचा आहे आणि त्यातली २९ वचने ‘अँड’ने सुरू होतात. याचे कारण मूळ हिब्रू भाषेत आहे. त्या भाषेत ‘व’सारखे एक अक्षर शब्दाच्या पुढे चिकटते आणि गोष्ट सांगताना एका घटनेतून दुसरीत नेते. अनुवादकांनी ते जागोजागी ‘अँड’ने उतरवले आणि इंग्रजीतल्या सर्वांत गंभीर गद्याची लयच त्यातून घडली. अमेरिकेच्या संविधानातही ‘अँड’ आणि ‘बट’ने सुरू होणारी वाक्ये आहेत. अब्राहम लिंकन यांचे १८६३ चे गेटिसबर्गचे भाषण अवघे पावणेतीनशे शब्दांच्या आसपास भरते. त्यातही मुख्य वळण ‘बट’नेच घेतलेले आहे.

इंग्रजी लेखनाचे नियम सांगणारे जाणकारही या बंदीच्या बाजूने नाहीत. फाउलर यांच्या प्रसिद्ध कोशाची सुधारित आवृत्ती सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९६५ साली काढली. ‘अँड’ने वाक्य सुरू करणे अशुद्ध आहे, या कल्पनेची गणना त्यांनी मागे रेंगाळलेल्या अंधश्रद्धेत केली. प्रकाशन व्यवसायात प्रमाण मानले जाणारे ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ सांगते की उत्तम लेखनात अनेकदा शेकडा दहापर्यंत वाक्ये उभयान्वयी अव्ययाने सुरू झालेली आढळतात.

नियम टिकला तो वर्गात, आणि तिथे त्याला कारण होते. चौथीतले मूल सहलीवर निबंध लिहिते: ‘आम्ही सिंहगडावर गेलो. आणि तिथे पिठलं-भाकरी खाल्ली. आणि मग दही खाल्लं. आणि मग पाऊस आला.’ इथे ‘आणि’ दोन विचारांना जोडत नाही. पुढचे आठवेपर्यंत मूल त्या शब्दाचा आधार घेते. पन्नास वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक ‘आणि’ची चिकित्सा करायला वेळ नसतो. ‘वाक्याच्या सुरुवातीला आणि नको’ असे सांगून टाकले की निबंध सुधारतो. अडचण पुढे येते. मूल मोठे होते, वकील होते, अहवाल लिहू लागते, तेव्हा ही पथ्याची सूचना त्याला भाषेचा कायदा वाटू लागलेली असते.

मराठीत या समजाला व्याख्येचाही हातभार लागतो. दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडणारे ते उभयान्वयी अव्यय, असे आपण पाठ करतो. जोडणारा शब्द मधेच हवा, सुरुवातीला कसा चालेल, असे मग वाटते. पण ‘मधे’ म्हणजे एकाच वाक्याच्या आत असे व्याख्या कुठेच म्हणत नाही. पूर्णविरामानंतर आलेला ‘पण’ही मागच्या आणि पुढच्या वाक्यांच्या मधेच असतो.

शिवाय हा पूर्णविरामच मराठीत नवा पाहुणा आहे. मोडी कागदपत्रांत मजकूर सलग चालतो. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे इंग्रजी अमदानीत, विशेषतः मेजर कँडी यांच्या प्रयत्नांमुळे मराठीत रुळली. त्याआधी वाक्य कुठे संपले हे क्रियापदावरून आणि पुढच्या वाक्याच्या तोंडी आलेल्या शब्दावरून कळे. महानुभावांच्या तेराव्या शतकातल्या गद्यात ‘मग’ हा शब्द हे काम सतत करतो.

आरंभी कोणता शब्द बसतो आणि कोणता बसत नाही, याचे भाषेला स्वतःचे भान असते, आणि ते शब्दागणिक वेगळे असते. संस्कृतात ‘च’ आणि ‘तु’ हे शब्द वाक्याच्या आरंभी येऊच शकत नाहीत. त्यांना टेकायला आधी दुसरा शब्द लागतो. म्हणून ‘तु’च्या आधी ‘परं’ आले आणि त्या जोडीतून आपला ‘परंतु’ निघाला. ‘किंतु’ही तसाच. आधाराचा शब्द पोटात असल्यामुळे ‘परंतु’ खुशाल वाक्याच्या तोंडी बसतो. फारसी-अरबीकडून आलेला आपला ‘व’ मात्र तिथे बसत नाही. ‘राम व लक्ष्मण’ ठीक, पण ‘व तो निघून गेला’ असे वाक्य कोणी सुरू करत नाही. ‘आणि तो निघून गेला’ कानाला सहज वाटते. दोघांचा अर्थ एकच, वागणे वेगळे.

‘मात्र’ची गोष्ट याहून बारीक आहे. ‘सरपंच मात्र सभेला आले नाहीत’ म्हटले की बाकीचे आले होते, हे कळते. ‘सरपंच सभेला मात्र आले नाहीत’ म्हटले की ते इतरत्र दिसले होते, असा अर्थ निघतो. ज्या शब्दामागे ‘मात्र’ येतो त्याला तो इतरांपासून वेगळा काढतो. बातम्यांमध्ये हल्ली ‘मात्र, सरपंच सभेला आले नाहीत’ अशी सुरुवात वारंवार दिसते. वाक्य समजते, पण नेमके कोणाला किंवा कशाला वेगळे काढायचे होते ते हरवते. औपचारिक दिसावे म्हणून ‘पण’ टाळून ‘मात्र’ पुढे आणला, तर असा तोटा होतो. तिथे साधा ‘पण’ जास्त नेमका ठरला असता.

औपचारिक लेखनाचा कस कायद्यात लागतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३ मध्ये आधी सांगितले आहे की संसदेला कायद्याने नवे राज्य निर्माण करता येईल, सीमा बदलता येतील. त्याला लागूनच एक परंतुक आहे. असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येणार नाही, आणि ज्या राज्याच्या सीमांवर परिणाम होणार असेल त्याच्या विधानमंडळाचे मत आधी मागवावे लागेल. महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये १९६० साली झाली ती याच अनुच्छेदाच्या वाटेने. संविधानाच्या मराठी पाठात असा मजकूर ‘परंतु’ या शब्दाने सुरू होतो, आणि त्याला ‘परंतुक’ हे नावही त्या शब्दावरूनच पडले. आधी अधिकार पूर्ण सांगायचा आणि मग त्याची मर्यादा वेगळी दाखवायची, या कामाला आरंभीचा ‘परंतु’ अगदी योग्य आहे.

याचा अर्थ कुठेही चालेल असा नाही. करारातले क्रमांक घातलेले कलम पुढे एकटे वाचले जाते, दुसऱ्या पत्रात उतरवले जाते. ते ‘पण’ने सुरू झाले तर तो कशाला विरोध करतो हे वाचणाऱ्याला कळत नाही. तिथे ‘कलम ४ मध्ये काहीही म्हटले असले तरी’ असे स्पष्ट लिहावे लागते. अहवालातला मोठा दोष असतो तो लागोपाठच्या वळणांचा. ‘अर्जदाराने कागदपत्रे दिली. पण ती अपुरी होती. पण त्याने मुदत मागितली. पण ती मिळाली नाही.’ चार वाक्यांत तीन वेळा दिशा बदलल्यावर वाचणारा गोंधळतो. हेच असे लिहिता येते: ‘अर्जदाराने दिलेली कागदपत्रे अपुरी होती, म्हणून त्याने मुदत मागितली. पण ती मिळाली नाही.’ आता एकच ‘पण’ उरला, आणि तो निर्णयापाशी आहे.

लिहिणाऱ्याला हे तपासता येते. आरंभीचा ‘आणि’ किंवा ‘पण’ झाकून दोन्ही वाक्ये पुन्हा वाचावीत. संबंध तसाच कळत असेल तर शब्द काढून टाकावा. ‘आणि’चा बहुतेक वेळा असाच निकाल लागतो, कारण दोन वाक्ये शेजारी ठेवली की ती जोडली जातातच. शब्द झाकल्यावर दुसरे वाक्य अचानक उपटल्यासारखे वाटले, तर तो ठेवावा. ‘पण’नंतर स्वल्पविराम लागत नाही, आणि एकाच वाक्यात ‘पण’ व ‘तथापि’ दोन्ही नकोत. ज्या संस्थेच्या किंवा नियतकालिकाच्या लेखननियमांत अशी सुरुवात स्पष्टपणे वगळलेली असेल, तिथे अर्थातच तो नियम पाळावा.

राहिला शिक्षकांचा प्रश्न. चौथीच्या वहीतले पाच ‘आणि’ जरूर खोडावेत. दहावीच्या वहीत ‘पण’ने सुरू झालेले वाक्य आले, तर रेघ ओढण्याआधी मागचे वाक्य एकदा वाचावे. ते पूर्ण असेल आणि पुढे विचार खरोखर वळत असेल, तर तिथे गुण कापण्याचे कारण नाही.