उद्याचा फोन कोणत्या नंबरवरून?

मुलाखतीआधीच्या प्राथमिक फोनमध्ये अनेकदा गाडी अडते ती पहिल्याच पायरीवर: उमेदवार अनोळखी नंबर उचलत नाही. कार्यालयाची सामाईक लाइन मोबाइलवर ‘स्पॅम’ म्हणूनही दिसू शकते. म्हणून आदल्या दिवशीच्या निरोपात नंबर हवाच.

‘नमस्कार, उद्या सकाळी ११ वाजता आमच्या पुणे कार्यालयाच्या ०२०ने सुरू होणाऱ्या, खाली दिलेल्या नंबरवरून फोन करेन. २० मिनिटं लागतील. सध्याचं काम, नोटीस पीरियड आणि पगाराची अपेक्षा यांवर बोलू.’

विषय आधी कळले, की उमेदवार नोटीस ६० दिवसांची की ९० हे नियुक्तिपत्रात पाहून ठेवतो. २० मिनिटं कळली, की नोकरीतला माणूस जेवणाच्या सुट्टीतली वेळ मागू शकतो, आणि ती त्याला मिळायलाच हवी.