शून्याच्या जागी 1.45519E-11

महिनाअखेरीला जमेची बाजू आणि खर्चाची बाजू जुळवून पाहिली जाते. दोन्हींतला फरक शून्य यायला हवा. आणि एक्सेलच्या त्या एका सेलमध्ये उमटतं 1.45519E-11. कुणाला वाटतं एक रुपया पंचेचाळीस पैशांचा फरक राहिला, कुणाला वाटतं सूत्रच चुकलं. खरं तर दोन्ही नाही. हा आकडा वाचता आला की तो कुठून आला हेही बऱ्याचदा त्याच्यावरूनच कळतं.

आधी वाचन. सोपा नमुना घेऊ: 1.5E-07. E च्या डावीकडचा भाग म्हणजे आकडा आणि उजवीकडचा भाग म्हणजे दशांश चिन्ह किती घरं सरकवायचं ते. उणे असेल तर डावीकडे, अधिक असेल तर उजवीकडे. म्हणून 1.5E-07 म्हणजे 0.00000015. शून्यं मोजताना इथे हमखास गल्लत होते. उणे सात पाहून लोक दशांश चिन्हानंतर सात शून्यं लिहितात आणि आकडा दहापट लहान करून ठेवतात. शून्यं सहाच येतात, शून्य नसलेला पहिला अंक सातव्या घरात बसतो. पडताळा घ्यायचा तर त्या पहिल्या अंकाचं घर मोजावं, शून्यं मोजू नयेत.

गणित शिकलेल्यांची चूक वेगळीच असते. त्यांना e म्हटलं की 2.718 ही संख्या आठवते आणि ते तिचा उणे सातवा घात काढायला बसतात. उत्तर येतं 0.00137 च्या आसपास, म्हणजे खऱ्यापेक्षा नऊ हजार पटींहून मोठं. इथल्या e चा त्या संख्येशी काही संबंध नाही. तो फक्त ‘गुणिले दहाचा घात’ एवढंच सांगतो. एक्सेल 1.5E-07 लिहितं, पायथन 1.5e-07 आणि जावास्क्रिप्ट 1.5e-7. संख्या तिन्हीकडे एकच.

आता शून्याच्या जागी हे कसं आलं ते पाहू. पन्नास पैशांतून चाळीस पैसे वजा केले, मग दहा पैसे वजा केले, तर काही उरायला नको. पायथनला विचारा:

```
>>> 0.5 - 0.4 - 0.1
-2.7755575615628914e-17
```

संगणक संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे 0 आणि 1 एवढ्याच अंकांत साठवतो. त्या पद्धतीत 0.5 नेमका लिहिता येतो, पण 0.4 आणि 0.1 कधीच संपत नाहीत. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की 0.333 पुढे चालूच राहतं, तसंच. संगणकाकडे जागा मात्र मोजकी असते. एका संख्येला 64 बिट मिळतात, त्यांतून साधारण 15 ते 16 दशमान अंकांएवढी अचूकता निघते आणि पुढचं छाटून सगळ्यात जवळची संख्या ठेवली जाते. वजाबाकीत मोठे भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि त्या छाटणीचा अवशेष तेवढा उघडा पडतो.

एक्सेल हा अवशेष झाकायचा प्रयत्न करतं, आणि म्हणूनच गोंधळ वाढतो. `=0.5-0.4-0.1` लिहिलं तर ते 0 दाखवतं, कारण शेवटच्या वजाबाकीचं उत्तर शून्याच्या अगदी जवळ आलं तर ते शून्यच धरतं. पण `=1*(0.5-0.4-0.1)` लिहा, शेवटची क्रिया गुणाकाराची झाली की -2.77556E-17 समोर येतं. शेजारच्या दोन सेलमध्ये एकाच हिशेबाची दोन उत्तरं पाहून माणूस सूत्रात दोष शोधत बसतो. तो तिथे नसतोच.

अवशेष किती मोठा असेल हे हिशेबातल्या रकमांवर ठरतं. संगणकाला लिहिता येणाऱ्या संख्या मोजपट्टीवरच्या खुणांसारख्या आहेत, फक्त ही पट्टी पुढे जावं तशी खुणांमधलं अंतर वाढवत नेते. 65,536 पासून 1,31,072 पर्यंतच्या संख्यांमध्ये हे अंतर आहे 1.45519E-11. त्यापुढे 2,62,144 पर्यंत दुप्पट, 2.91038E-11. मग 5.82077E-11. म्हणून लाखाच्या आसपासच्या हिशेबात 1.45519E-11 दिसलं, तर त्यात पैशाचाही प्रश्न नाही. शेवटच्या एका खुणेचा फरक राहिला आहे. हे आकडे माझ्या मते हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाने तोंडओळखीचे करून घ्यावेत. दिसल्यावर तास दोन तास वाचतात.

याच कसोटीने 1.5E-07 तपासता येतो. लाखाच्या हिशेबात तो खुणेच्या अंतराहून सुमारे दहा हजार पट मोठा आहे. तो एका वजाबाकीचा अवशेष असणं अवघड. कुठे तरी भागाकार किंवा टक्केवारी न पूर्णांकित करता पुढे गेली आहे का, ते पाहावं. शंभर कोटींच्या हिशेबात मात्र तो सहज अवशेष ठरेल, कारण तिथे खुणांचं अंतरच 1.19E-07 आहे. आणि प्रयोगशाळेच्या तक्त्यात, मीटरच्या रकान्यात तो आला तर तो अवशेष मुळीच नाही. ते 150 नॅनोमीटर आहेत, खरं मोजलेलं माप. तिथे त्याला शून्य करणं म्हणजे नोंद पुसणं.

हिशेबातल्या अवशेषावर बरेचजण उपाय करतात तो सेलचा फॉरमॅट बदलून दोन दशांश दाखवण्याचा. याने फक्त दिसणं बदलतं. आत तीच संख्या राहते, कधी -0.00 अशी विचित्र नोंद दिसते, आणि `A1=0` असं विचारणारं सूत्र ‘नाही’ म्हणतच राहतं. संख्याच पूर्णांकित करावी लागते:

```
=IF(ROUND(A1,2)=0,"जुळले","तफावत")
```

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक सापळा याहून वाईट आहे. जावास्क्रिप्टमध्ये `parseInt(0.00000015)` चं उत्तर येतं 1. हे फंक्शन आधी संख्येचं अक्षररूप करतं, ते होतं 1.5e-7, आणि मग सुरुवातीचा पूर्णांक वाचून बिंदूपाशी थांबतं. शून्याच्या जवळची संख्या एक होऊन पुढे जाते आणि चूक म्हणून काहीच दाखवलं जात नाही. दशांश भाग छाटायचा असेल तर `Math.trunc` वापरावं. ते 0 देतं.

मोठ्या बाजूला, E+ सोबत, धोका वेगळा आहे. बारा अंकी आधार क्रमांक साध्या सेलमध्ये टाकला की 1.23457E+11 सारखं काही दिसतं. वरच्या सूत्रपट्टीत सगळे बारा अंक अजून शाबूत असतात. पण ती फाइल तशीच सीएसव्ही म्हणून साठवली, तर पडद्यावर जे दिसत होतं तेच लिहिलं जातं आणि शेवटचे सहा अंक कायमचे जातात. पुन्हा उघडल्यावर 123457000000 मिळेल. सोळा अंकी कार्ड क्रमांकाला तर साठवायचीही वाट पाहावी लागत नाही. एक्सेल पंधराच अंक ठेवतं, सोळावा टाकताक्षणी शून्य होतो. असे क्रमांक ज्या रकान्यात येणार, तो रकाना टाइप करण्याआधी टेक्स्ट करावा. आधी टाकून मग टेक्स्ट केला तर गेलेला अंक परत येत नाही. एखाद्याकडून आलेल्या यादीत सगळे क्रमांक सहा-सहा शून्यांनी संपत असतील, तर ती यादी दुरुस्त करायला बसू नये, मूळ फाइल मागून घ्यावी.